सत्तावन्न टक्के त्रुटी गेली कुठे?

इथेनॉलच्या एका मोलच्या ज्वलनातून १३६७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, असं पुस्तकातला तक्ता सांगतो. आमच्या प्रयोगात आकडा आला ५९३. म्हणजे निम्म्याहूनही कमी. मान्य किंमत वजा प्रायोगिक किंमत, भागिले मान्य किंमत, गुणिले शंभर केलं की त्रुटी येते ५७ टक्के. आमच्या गटात वाचनं घेणं, आकडेमोड आणि चर्चेचा परिच्छेद अशी कामं वाटून घेतली होती, आणि परिच्छेद माझ्याकडे आला होता.

सोबतची मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यात काय एवढं? उष्णता वातावरणात गेली, शिवाय मानवी चूक, असं लिही आणि टाक." बहुतेक अहवालांत हेच वाक्य असतं. ते खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. तेच वाक्य ५ टक्के त्रुटीलाही चालतं आणि ९० टक्क्यांनाही. मला वाटलं, चर्चेच्या परिच्छेदाचं काम वेगळं आहे. नेमकी किती उष्णता हरवली, ती कोणत्या वाटेने गेली, आणि कोणती वाट मोठी व कोणती नगण्य, हे त्यातून कळायला हवं. मग मी आधी हिशेब मांडायला घेतला आणि परिच्छेद शेवटी लिहिला.

मांडणी साधी होती. स्पिरिटच्या दिव्यात इथेनॉल, वर स्टँडला अडकवलेला पत्र्याचा डबा, डब्यात १५० ग्रॅम पाणी, आणि पाण्यात थर्मामीटर व ढवळणी. दिव्याचं वजन आधी आणि नंतर करायचं, पाण्याचं तापमान आधी आणि नंतर पाहायचं, एवढंच. पाणी २५.० अंशांवरून ४४.५ अंशांवर गेलं, म्हणजे वाढ १९.५ अंशांची. दिव्यातलं ०.९५ ग्रॅम इथेनॉल जळलं. ज्योत साधारण पाच मिनिटं चालू होती. पाण्याने घेतलेली उष्णता म्हणजे वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातली वाढ: १५० × ४.१८ × १९.५, म्हणजे सुमारे १२.२ किलोज्यूल. इथेनॉलचं रेणुवस्तुमान ४६.०७, म्हणून ०.९५ ग्रॅम म्हणजे ०.०२०६ मोल, आणि भागाकार केला की ५९३ येतात.

इथे मी आकड्यांची दिशा उलटी केली, आणि पुढचं सगळं त्यामुळे सोपं झालं. प्रति मोलचा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की हरवलेली उष्णता दिसत नाही, फक्त दोन संख्यांमधलं अंतर दिसतं. म्हणून मी उलट विचारलं: ०.९५ ग्रॅम इथेनॉलमधून पुस्तकाप्रमाणे किती उष्णता निघायला हवी होती? १३६७ भागिले ४६.०७ म्हणजे ग्रॅमला २९.७ किलोज्यूल, त्यामुळे एकूण २८.२ किलोज्यूल. त्यातली पाण्यात १२.२ पोचली. मग १६.० किलोज्यूलचा हिशेब लागत नाही. आता त्रुटी म्हणजे टक्केवारी राहिली नाही, ती १६ किलोज्यूलची रक्कम झाली, आणि रक्कम म्हटली की ती कुठेकुठे खर्च झाली हे शोधता येतं.

शोधायला लागण्याआधी एक गोष्ट बाजूला काढणं गरजेचं होतं. ही त्रुटी उपकरणांच्या वाचनातून तर आली नाही ना? आमच्या थर्मामीटरवर एकेक अंशाच्या रेघा होत्या, त्यामुळे प्रत्येक वाचनात अर्ध्या अंशाची अनिश्चितता धरली. दोन वाचनांच्या फरकात ती फार तर एक अंश, म्हणजे १९.५ मध्ये पाच टक्के. वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, त्यामुळे ०.९५ मध्ये जास्तीत जास्त दोन टक्के. मोजपात्रातल्या पाण्याचा एक टक्काही नाही. सगळं एकाच दिशेने वाईट गेलं असं धरलं तरी आठ टक्के. म्हणजे खरी किंमत आमच्या मांडणीत साधारण ५४६ ते ६४० च्या मध्ये कुठेतरी. १३६७ त्याच्या आसपासही नाही. प्रयोग पुन्हा केला तेव्हाही आकडे ५७० आणि ६१० च्या मध्येच राहिले. आकडे एकमेकांना धरून आहेत आणि तरीही सगळे खऱ्या किमतीपासून लांब आहेत, याचा अर्थ त्रुटी यादृच्छिक नाही, पद्धतशीर आहे. तिचं कारण मांडणीतच बसलेलं आहे, आणि दर वेळी ते एकाच बाजूला ओढतं.

"एकाच बाजूला" हे शब्द मी मुद्दाम वापरते. प्रत्येक कारण लिहिण्याआधी त्याची दिशा तपासावी लागते. आमचा आकडा कमी आला आहे, तेव्हा आकडा वाढवणारं कारण त्याचं स्पष्टीकरण होऊच शकत नाही. उदाहरणार्थ, थर्मामीटरचा फुगा डब्याच्या तळाला टेकला होता असं कुणी सुचवलं. तळ पाण्यापेक्षा गरम असतो, त्यामुळे अशा वेळी तापमान जास्त दिसलं असतं आणि आमचा आकडा ५९३ च्या वर गेला असता. ते कारण तिथेच बाद झालं. कितीतरी अहवालांत अशी कारणं नुसती रांगेने लिहिलेली असतात आणि त्यातली निम्मी उलट्या दिशेची असतात.

आता खर्चाच्या वाटा. पहिली, डब्याने स्वतः घेतलेली उष्णता. पाण्यासोबत पत्राही तापतो आणि सूत्रात मात्र फक्त पाणी असतं. डब्याचं वजन ५२ ग्रॅम भरलं, लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता ०.४५ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. ५२ × ०.४५ × १९.५ केलं की ४५६ ज्यूल, म्हणजे अर्ध्या किलोज्यूलपेक्षाही कमी. मला हा आकडा मोठा येईल असं वाटलं होतं. पाण्याची उष्माधारकता लोखंडाच्या नऊपटीहून जास्त आहे आणि पाणी वजनानेही जवळजवळ तिप्पट, म्हणून डब्याचा वाटा इतका लहान.

दुसरी वाट, गरम झालेलं पाणी आणि डबा यांनी खोलीला दिलेली उष्णता. ही अंदाजाने लिहायची गरज नाही, ती मोजता येते, आणि मला या कामात सगळ्यात आवडलेला भाग हाच. ज्योत विझवल्यावर आम्ही थर्मामीटर काढला नाही. तापमान आधी थोडं वर चढलं, कारण तापलेला तळ अजून पाण्याला उष्णता देत होता. सर्वोच्च वाचन घेतलं ते तिथलं. मग ते उतरू लागलं. दर मिनिटाला वाचन लिहीत गेलो तेव्हा ४४.५ अंशांजवळ उतरण्याचा वेग मिनिटाला साधारण ०.४ अंश होता. न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमाप्रमाणे हा वेग पाणी खोलीपेक्षा किती गरम आहे यावर ठरतो. तापवताना पाणी खोलीच्या तापमानापासून सुरू झालं आणि १९.५ अंश वर गेलं, म्हणजे सरासरी फरक जवळपास निम्मा. म्हणून सरासरी वेगही निम्मा, मिनिटाला ०.२ अंश. पाच मिनिटांत १ अंश. पाणी आणि डबा मिळून एक अंश तापायला ६५० ज्यूल लागतात, तेव्हा या वाटेने गेलेली उष्णता सुमारे ०.६५ किलोज्यूल.

इथे एक सावधगिरी. पाण्याच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनातही उष्णता जाते आणि ते कारण वेगळं लिहायचा मोह होतो. पण उतरणाऱ्या तापमानाच्या वेगात बाष्पीभवन आधीच आलेलं असतं. थंड होणाऱ्या पाण्याला वाफ होऊन जाणारी आणि बाजूने निघून जाणारी उष्णता वेगळी कळत नाही. ते दोनदा मोजलं तर हिशेब चुकीच्या मार्गाने जुळतो.

तर डबा आणि थंड होणं मिळून १.१ किलोज्यूल. हे दोन्ही भरून काढले तर ५९३ चे ६४७ होतात आणि त्रुटी ५७ वरून ५३ टक्क्यांवर येते. सगळे जण पहिल्यांदा ज्या दोन कारणांवर बोट ठेवतात, ती दोन्ही मिळून चार टक्क्यांची आहेत. हे पाहिल्यावर माझी खात्री पटली की परिच्छेदात आकडे असल्याशिवाय तो लिहिण्यात अर्थ नाही.

तिसरी वाट खरं तर उष्णतेची हानी नाहीच, तुलनेतला फरक आहे, आणि तो मला तक्त्याखालच्या बारीक अटीत सापडला. १३६७ हा आकडा ज्वलनातून तयार होणारं पाणी द्रवरूपात आहे असं धरून दिलेला असतो. एका मोल इथेनॉलमधून तीन मोल पाणी तयार होतं. उघड्या ज्योतीवर ते वाफ होऊन निघून जातं. एक मोल पाण्याची वाफ होताना सुमारे ४४ किलोज्यूल लागतात, तीन मोलना १३२. म्हणजे आमच्या मांडणीत हानी शून्य असती तरी आकडा १२३५ च्या वर गेला नसता. ०.९५ ग्रॅमच्या हिशेबात हे २.७ किलोज्यूल होतात, डबा आणि थंड होणं यांच्या बेरजेच्या दुपटीपेक्षा जास्त.

ही वाफ प्रयोगात डोळ्यांना दिसतेसुद्धा. ज्योत पेटवल्यावर पहिल्या काही क्षणांत डब्याच्या तळावर बाहेरून दव धरतं, बारीक थेंब एकमेकांत मिसळतात आणि तळ तापला की नाहीसे होतात. डब्यातून पाणी गळतंय की काय असं एकदम वाटतं, पण ते ज्वलनातून तयार झालेलं पाणी असतं. जेवढं पाणी तळावर द्रवरूप झालं तेवढी त्याची अप्रकट उष्णता डब्याला मिळाली, पण ते थेंब पुन्हा वाफ होऊन गेले की ती परत गेली. म्हणून अंतिम हिशेबात याचा फायदा धरला नाही.

१३६७ हा आकडा ज्या उपकरणातून येतो त्याची रचना समजून घेतली तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. बाँब कॅलरीमीटरमध्ये पदार्थ जाड पोलादाच्या बंद भांड्यात, सुमारे ३० वातावरणांच्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये जाळतात आणि ते भांडं पूर्ण पाण्यात बुडवलेलं असतं. ज्योतीतला कोणताही वायू बाहेर जायला वाट नसते. तयार झालेली वाफ आतच द्रवरूप होते आणि तिची उष्णताही मोजली जाते. ऑक्सिजन भरपूर असल्याने ज्वलन पूर्ण होतं. आणि भांडं, पाणी, ढवळणी या सगळ्यांना मिळून एक अंश तापायला किती उष्णता लागते हे बेंझोइक आम्ल जाळून आधीच ठरवलेलं असतं, कारण त्याची ज्वलनउष्णता, ग्रॅमला २६.४ किलोज्यूल, फार अचूक माहीत आहे. आमच्या पत्र्याच्या डब्यात यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे बाँबमध्ये बंद केलेली प्रत्येक वाट आमच्याकडे उघडी असणार, आणि ती यादीच मला कारणं शोधायला पुरली.

चौथी वाट: जळलेलं म्हणून मोजलेलं, पण न जळलेलं इथेनॉल. दिवा विझवल्यावर वात गरम असते आणि टोपण घालेपर्यंत तिच्यातून इथेनॉल उडत राहतं. वजनकाट्यापर्यंत नेऊन आकडा स्थिर होईपर्यंत जे उडालं ते "जळलेल्या" इथेनॉलमध्ये धरलं जातं. आम्ही दिवा विझवून टोपणाशिवाय काट्यावर ठेवला आणि आकड्याकडे पाहत बसलो. दोन मिनिटांत ०.०२ ग्रॅम कमी झालं. तितकं इथेनॉल म्हणजे ०.६ किलोज्यूल. ही उष्णतेची हानी नाही, ती कधी निर्माणच झाली नव्हती, पण हिशेबात तिचा परिणाम हानीसारखाच होतो. दिवा विझवताच टोपण लावलं की हे कारण जवळजवळ मिटतं.

पाचवी, अपूर्ण ज्वलन. ज्योत पिवळी होती आणि तळावर काजळीचा पातळ थर होता. डबा कोरडा करून पुन्हा तोलला तर वाढ ०.०१ ग्रॅमची, म्हणजे काट्याच्या मर्यादेवरचीच. कार्बन जाळला तर ग्रॅमला सुमारे ३२.८ किलोज्यूल मिळतात, म्हणून या काजळीत अडकलेली उष्णता ०.३ किलोज्यूल. काजळी डोळ्यांत भरते म्हणून ती मोठं कारण वाटते, पण वजनात तिचा वाटा नगण्य निघाला. मात्र काजळी आहे म्हणजे ऑक्सिजन काही ठिकाणी अपुरा पडला होता, आणि मग थोडा कार्बन कार्बन मोनॉक्साइड होऊनही निघून गेला असणार. तो दिसत नाही आणि आमच्याकडे तो मोजायचं साधन नव्हतं. किती फरक पडू शकतो याचा अंदाज मात्र घेता येतो. मोनॉक्साइडच्या प्रत्येक मोलमागे २८३ किलोज्यूल बाहेर पडायचे राहून जातात. दहातला एक कार्बन अणू असा गेला तर इथेनॉलच्या मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल, म्हणजे चार टक्के.

आता बेरीज. डबा ०.४६, थंड होणं ०.६५, वाफ २.७, उडालेलं इथेनॉल ०.६, काजळी ०.३. एकूण ४.७ किलोज्यूलच्या आसपास. हरवलेले होते १६. म्हणजे अजून ११.३ किलोज्यूल कुठेच बसत नाहीत, आणि ते ज्वलनातून निघालेल्या एकूण उष्णतेच्या ४० टक्के आहेत.

ही उष्णता डब्यात कधी आलीच नव्हती. हे लक्षात यायला मला वेळ लागला, कारण "हानी" म्हटलं की आधी आत आलेलं नंतर बाहेर गेलं असंच चित्र मनात तयार होतं. दिव्याची ज्योत आणि डब्याचा तळ यांच्यात सहा सेंटिमीटरचं अंतर होतं. ज्योतीतून वर जाणारे गरम वायू तळाला धडकतात, पसरतात आणि कडेने वर निघून जातात. तळाला ते फार थोडा वेळ लागतात. टिश्यू पेपरची बारीक पट्टी डब्याच्या काठाशी धरली तर ती सतत थरथरत वर उडत राहिली. शेजारून कुणी गेलं की ज्योत एका बाजूला झुकायची, तेव्हा तर तिचा शेंडा तळाच्या बाहेरच असायचा. शिवाय ज्योत चहूबाजूंना प्रारणाने उष्णता देते, आणि त्यातली फक्त वरच्या दिशेची काही उष्णता तळावर पडते.

पण वायू खरंच एवढी उष्णता नेऊ शकतात का? एक ग्रॅम इथेनॉल जळायला कमीत कमी नऊ ग्रॅम हवा लागते, आणि उघडी ज्योत आजूबाजूची आणखी कितीतरी हवा ओढून घेते. समजा एकूण ३० ग्रॅम वायू खोलीच्या तापमानापेक्षा सरासरी ३०० अंश जास्त गरम असताना डब्याच्या कडेने निघून गेले. हवेची विशिष्ट उष्माधारकता सुमारे १ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश, म्हणजे ९ किलोज्यूल गेले. यातले ३० ग्रॅम आणि ३०० अंश मी मोजलेले नाहीत, मोठेपणाचा अदमास घेण्यासाठी धरले आहेत. तरी एवढं कळतं की उरलेल्या ११.३ किलोज्यूलना सामावून घ्यायला ही वाट पुरेशी रुंद आहे, आणि इतर कोणतीच नाही.

हे इथेच सोडलं असतं तर तो शिल्लक राहिलेल्या आकड्यावर मारलेला शिक्का ठरला असता. उरलेलं सगळं एका कारणाच्या नावावर टाकणं सोपं असतं. म्हणून मी मॅडमना विचारलं, "मॅडम, एकदा फक्त अंतर आणि आडोसा बदलून पाहिलं तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "चालेल, पण बाकी काहीही बदलू नका. पाणी तेवढंच, डबा तोच, आणि तापमानातली वाढही जवळपास तेवढीच ठेवा." शेवटची अट महत्त्वाची होती. वाढ सारखी ठेवली की डब्याने घेतलेली उष्णता जवळजवळ तीच राहते आणि थंड होण्यातली हानीही फारशी बदलत नाही. मग जो फरक दिसेल तो मुख्यतः ज्योतीभोवतीच्या वाटेचा.

आम्ही डबा खाली आणला, तळ आणि वातीत अडीच सेंटिमीटर अंतर ठेवलं, आणि दिवा व डबा दोन्हींभोवती ॲल्युमिनियम फॉइलचा आडोसा केला. खाली हवा आत यायला फट सोडली, नाहीतर ज्योत गुदमरून काजळी वाढते. या वेळी पाणी २०.० अंशांनी तापायला फक्त ०.६६ ग्रॅम इथेनॉल लागलं. पाण्याला १२.५ किलोज्यूल मिळाले, आणि प्रति मोल आकडा आला ८७५. त्रुटी ३६ टक्के. डबा तोच, पाणी तेवढंच, आणि त्रुटी एकवीस टक्क्यांनी कमी. डब्याला कापूस गुंडाळून किंवा झाकण ठेवून असं झालंच नसतं, कारण त्या उपायांनी फक्त ०.६५ किलोज्यूलची वाट अडवली जाते. पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली सुरू करून तितकंच वर न्यायचं, म्हणजे आधी मिळालेली आणि नंतर गमावलेली उष्णता एकमेकींना छेद देतात, ही युक्तीही चांगली आहे आणि कॉफी कपच्या कॅलरीमीटरमध्ये तिचा उपयोग होतो. पण इथे तीसुद्धा त्याच लहान वाटेवर काम करते.

डबा आणखी खाली नेला तर? तेही करून पाहिलं. तळ ज्योतीत शिरला, थंड पत्र्यावर ज्योत विझायला लागली, तळ काळाकुट्ट झाला आणि आकडा ८३० च्या आसपास उतरला. एक वाट अरुंद करताना अपूर्ण ज्वलनाची दुसरी वाट रुंद झाली. म्हणजे या मांडणीत अंतराची एक मधली जागा आहे, आणि तिथेही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उष्णता हातची जातेच.

मग परिच्छेद लिहायला बसले. तो असा झाला:

"इथेनॉलची प्रायोगिक ज्वलनउष्णता ५९३ किलोज्यूल प्रति मोल आली, मान्य किंमत १३६७ असून त्रुटी ५७ टक्के आहे. वाचनांची एकत्रित अनिश्चितता आठ टक्क्यांच्या आत आहे आणि पुन्हा घेतलेल्या चाचण्या ५७० ते ६१० च्या दरम्यान आहेत, म्हणून ही त्रुटी पद्धतशीर आहे. जळलेल्या ०.९५ ग्रॅम इथेनॉलमधून अपेक्षित २८.२ किलोज्यूलपैकी १२.२ पाण्याला मिळाले. उरलेल्या १६.० पैकी डब्याने ०.४६ घेतले आणि शीतलीकरणाच्या वाचनांवरून ०.६५ खोलीत गेले. मान्य किंमत द्रवरूप पाण्यासाठी आहे, तर प्रयोगात वाफ निघून जाते, यामुळे २.७ चा फरक पडतो. वातीतून उडालेलं इथेनॉल आणि काजळी यांचा वाटा मिळून सुमारे ०.९ आहे. उरलेले सुमारे ११ किलोज्यूल गरम वायूंबरोबर व प्रारणाने डब्यापर्यंत न पोचता गेले असावेत; यात न मोजलेल्या कार्बन मोनॉक्साइडचाही वाटा असू शकतो. ज्योतीचं अंतर सहावरून अडीच सेंटिमीटर करून आडोसा लावल्यावर त्रुटी ३६ टक्क्यांवर आली, हे या निष्कर्षाला पुष्टी देतं."

"असावेत" आणि "असू शकतो" हे शब्द मैत्रिणीला कच्चे वाटले. ती म्हणाली, "बाकी सगळं ठाम लिहिलंस आणि इथे का डगमगलीस?" मी ते ठेवले. बाकीच्या प्रत्येक आकड्यामागे एक मोजमाप किंवा तक्त्यातली किंमत आहे. ११ चा आकडा वजाबाकीतून आला आहे, आणि वजाबाकीत आधीच्या सगळ्या आकड्यांची अनिश्चितता गोळा होते. नुसती तापमानाच्या वाचनातली पाच टक्के धरली तरी १२.२ मध्ये ०.६ किलोज्यूल इकडेतिकडे होतात.

मॅडमनी अहवाल पाहताना त्याच वाक्याखाली पेन्सिलीने विचारलं होतं: "वायू किती आणि प्रारण किती?" ते आमच्या वाचनांवरून वेगळं करता येत नाही. आडोशाने दोन्हींवर परिणाम होतो. तो वारा अडवून गरम वायू डब्याजवळ ठेवतो आणि प्रारण परत आत पाठवतो. वेगळं करायचं तर आडोसा एकदा चकचकीत फॉइलचा आणि एकदा काजळी लावून काळा केलेला, बाकी सगळं तसंच ठेवून प्रयोग करावा लागेल. काळा पृष्ठभाग प्रारण शोषून घेतो, त्यामुळे दोन आकड्यांतल्या फरकावरून प्रारणाचा निदान अंदाज तरी मिळेल. त्यांच्या प्रश्नाखाली मी एवढंच लिहून अहवाल परत दिला.